जिथं बोललीस, तिथं बोल: एका पाणी-तपासणीच्या चुकीचं प्रकरण

गाव, शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून या लिखाणात कुणाचंही नाव दिलेलं नाही. यातली मुलगी तेव्हा नववीत होती. मी तिचा विज्ञानाचा शिक्षक होतो, आणि घडलेल्या चुकीत माझाही वाटा आहे. तो मी योग्य जागी सांगेनच. हे तुमच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलं आहे.

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं हजार-बाराशे वस्तीचं गाव. नळाला रोज सकाळी सहा ते सात पाणी सुटतं. गावाबाहेरच्या विहिरीतून पाणी वर चढवून ५०,००० लिटरच्या टाकीत साठवतात, आणि तिथून ते घरोघर जातं. पाण्यातले जंतू मरावेत म्हणून टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकावी लागते. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. गाव त्यांना आप्पा म्हणतं. तुटपुंज्या मानधनावर ते कित्येक वर्षं हे काम करत आले आहेत. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत सातवीत होती.

टीसीएलचा हिशेब साधा असतो. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे या टाकीला पाव किलो. पावडर तशीच टाकीत उपडी करायची नसते. बादलीत पाणी घेऊन ती कालवायची, चुन्यासारखा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. मग अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. जंतू मारून झाल्यावरही थोडा क्लोरीन पाण्यात उरला पाहिजे, कारण पुढे पाइपात किंवा घागरीत घाण शिरली तर तिच्याशी लढायला काहीतरी हवं. नळाशी हा उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. तो आहे की नाही हे गावोगाव ओटी टेस्टने बघतात. काचनळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर पांढरं राहतं. पिवळेपणा किती आहे ते सोबतच्या रंगपट्टीशी ताडून बघायचं. द्रावण विषारी असतं, म्हणून तपासलेलं पाणी लगेच मोरीत ओतायचं.

नववीतल्या तिघांनी, ती आणि दोन मुलगे, विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घेतला: आपल्या गावाच्या नळाला क्लोरीन येतो का? विषय मलाही आवडला. तिघांनी जुलैतल्या एका बुधवारी पहाटे उठून १२ घरांतलं नळाचं पाणी स्वच्छ धुतलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलं, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि बाटल्या शाळेत आणून प्रयोगशाळेच्या खिडकीत ओळीने मांडल्या. त्यांचा विज्ञानाचा तास गुरुवारी दुपारी साडेबाराला होता. तेव्हा आम्ही बाराही बाटल्या तपासल्या. बाराच्या बारा पांढऱ्या.

निष्कर्षाच्या कागदावर तिने लिहिलं, "गावाच्या पाण्यात क्लोरीन टाकला जात नाही." खाली मी सही केली.

## अडचण कशी उभी राहिली

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांनी प्रकल्प मांडावा असं ठरलं. तीच बोलली, कारण तिला बोलता येतं. दीडेकशे माणसं होती. तिने बारा बाटल्यांचा तक्ता दाखवला, आणि कागदावरचं वाक्य वाचून झाल्यावर कागदावर नसलेलं एक वाक्य पुढे जोडलं: "म्हणजे पावडर कुठं जाते, हे पंचायतीनं बघावं."

टाळ्या पडल्या. तिच्या गटातल्या एका मुलाच्या वडिलांचं आणि आप्पांच्या भावकीचं जुनं वाकडं. ते उठून उभे राहिले. पुढच्या दहा मिनिटांत चौकशी होईपर्यंत आप्पांचं मानधन थांबवायचं ठरलं. आप्पा मागे भिंतीला टेकून उभे होते. "रोज टाकतो," एवढंच ते दोनदा म्हणाले. संध्याकाळी तिने तक्त्याचा फोटो आईच्या फोनवरून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत शाळेतली पोरं आप्पांच्या मुलीला "पावडर" म्हणून हाका मारू लागली.

पाच दिवसांनी, २० ऑगस्टला सकाळी, तिने घरच्या नळाचं पाणी सहज तपासलं. ओटीची बाटली अजून तिच्याकडेच होती. थेंब पडताच पाणी पिवळं झालं.

इथं पहिला निर्णयाचा क्षण आला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण या क्षणी तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. तिच्या मनात जे पहिलं उत्तर आलं ते तिने मला नंतर सांगितलं: "मी बोलले म्हणून आता टाकायला लागलेत." हे उत्तर सोयीचं होतं, आणि अशक्यही नव्हतं. पुढे गावातही अनेकांनी हेच म्हटलं. ते धरून बसली असती तर तिला खोटंही बोलावं लागलं नसतं, फक्त पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला असता. तुमच्याही लक्षात येईल की आपण चुकलो आहोत हे आपल्याला बहुधा एकदम कळत नाही. आधी एक खडा टोचतो, आणि त्या खड्याला बसेल असं कारण मन लगेच पुढे करतं.

तिने ते कारण तपासायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी एकाच नळाखाली तिने दोन बाटल्या भरल्या. एक तिथल्या तिथे तपासली, ती पिवळी झाली. दुसरी घराच्या खिडकीत ठेवली आणि २२ ऑगस्टला दुपारी तपासली. पांढरी. पाणी तेच, फक्त एक दिवस मध्ये गेलेला आणि बाटलीवर ऊन पडलेलं. क्लोरीन पाण्यात टिकून राहत नाही, उन्हात तर तो काही तासांतच नाहीसा होतो. म्हणूनच ओटी टेस्ट नळाशी उभं राहून, पाणी भरल्या भरल्या करायची असते. आमच्या बाटल्या तीस तास खिडकीत होत्या.

आता माझा वाटा. क्लोरीन उडून जातो हे मला माहीत होतं. बाटल्या खिडकीत मांडलेल्या मी येता-जाता पाहिल्या होत्या. सही करण्यापूर्वी "पाणी कधी भरलं?" एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही. चूक आधीच हाताला लागेल अशी एक खूणही समोर होती. बारा घरांपैकी एक घर टाकीच्या अगदी पायथ्याशी आहे, एक गावाच्या शेवटच्या टोकाला. दोन्हीकडे आणि मधल्या सगळ्या घरांत हुबेहूब सारखं उत्तर यावं? खऱ्या मापांमध्ये थोडाफार फरक असतोच. फरकच नसेल तर आपण पाणी मोजलं की आपली पद्धत मोजली, असा संशय यायला हवा होता. शिवाय ज्यात क्लोरीन नक्की आहे असं पाणी आम्ही एकदाही तपासून बघितलं नव्हतं. ते त्याच खिडकीत ठेवून तपासलं असतं तर तेही पांढरं निघालं असतं, आणि तिथंच सगळं उघड झालं असतं.

## नेमकं काय चुकलं होतं?

२२ तारखेला ती माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. "सर, आप्पा रोज पावडर टाकत होते," म्हणाली. मी तिला थांबवलं. तिच्या नव्या प्रयोगातूनही तेवढं सिद्ध होत नव्हतं. जुलैत आप्पा पावडर टाकत होते की नव्हते, हे आमच्या बाटल्या सांगूच शकत नव्हत्या. टाकली असती तरी बाटल्या पांढऱ्या आल्या असत्या आणि नसती टाकली तरी पांढऱ्याच. पंचायतीच्या ओटी नोंदवहीत रोजच्या सह्या होत्या, पण नुसत्या सह्यांवरून गावाने विश्वास ठेवला असता असं नाही.

हा फरक बारीक वाटेल, पण यावर आम्ही जवळजवळ तासभर बोललो. चूक कबूल करताना माणूस घाईघाईने उलट्या टोकाला जातो. आधी ठामपणे "नाही" म्हटलेलं असतं, आता तितक्याच ठामपणे "हो" म्हणतो, आणि पुरावा दोन्ही वेळा अपुरा असतो. कबुली नेमकी चुकीच्या मापाची हवी, कमी नको आणि जास्तही नको. तिची चूक दोन भागांत होती. एक, तपासणी चुकीची झाली. दुसरी त्याहून मोठी: तपासणी बरोबर असती तरी त्यातून "पाण्यात क्लोरीन आढळला नाही" एवढंच निघालं असतं. "पावडर कुठं जाते" हे तिने स्वतःच्या अंगचं जोडलं होतं, आणि आप्पांना गावात मान खाली घालायला लावली ती याच वाक्याने. पहिली चूक अज्ञानाची, दुसरी टाळ्यांच्या अपेक्षेची. हे शब्द तिचे आहेत, माझे नाहीत.

मी तिला एक गोष्ट सांगितली. सप्टेंबर २०११मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासोला, म्हणजे सुमारे ७३० किलोमीटरवर, निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. तसं खरंच असतं तर भौतिकशास्त्राचा पाया हलला असता. पण जाहीर करतानाच त्यांनी आपली मोजमापं सगळ्यांपुढे ठेवली आणि इतरांनी ती तपासावीत असं सांगितलं. काही महिन्यांनी, २०१२च्या फेब्रुवारीत, घड्याळाला जोडलेली एक ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती असं आढळलं, आणि त्याच वर्षी त्यांनी तो निष्कर्ष सोडून दिला. त्यांनी पहिल्याच दिवशी मागे यायची वाट मोकळी ठेवली होती. आम्ही ती ठेवली नव्हती. नम्रता म्हणजे हळू आवाजात बोलणं किंवा स्वतःला कमी लेखणं, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं. इथं तिचा अर्थ फार व्यावहारिक आहे: दुसऱ्याच्या दाव्याला आपण जी चाळणी लावतो, तीच आपल्या दाव्याला लावणं.

## कोणते पर्याय समोर होते

गप्प बसणं हा पर्याय पहिल्यांदा विचारात आला, हे लपवत नाही. चूक आम्हा दोघांपलीकडे कुणाला कळलेली नव्हती. चार महिन्यांत गाव विसरलं असतं. पण आप्पांचं मानधन अडकलेलं होतं, त्यामुळे गप्प राहण्याची किंमत दर महिन्याला आप्पाच मोजत राहिले असते.

दुसरा पर्याय माझा होता: "तू कशाला पुढे होतेस? मी पंचायतीला शाळेतर्फे पत्र देतो." मला तेव्हा हे तिच्यावरच्या मायेपोटी वाटलं. आज वाटतं, त्यात शाळेचं आणि माझं नाव शांतपणे झाकण्याचा भागही होता. ती म्हणाली, "पण बोलले तर मी होते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरा, व्हॉट्सॲपवर संदेश टाकणं. सोपं आणि लगेच होणारं. पण ज्यांनी ग्रामसभेत कानाने ऐकलं होतं त्यातले बरेच म्हातारे त्या ग्रुपवर नव्हते. चौथा, आप्पांच्या घरी जाऊन माफी मागणं. पाचवा, पुढच्या ग्रामसभेत उभं राहणं. पण ती २ ऑक्टोबरला, म्हणजे ४१ दिवस लांब.

कोणता निवडायचा हे ठरेना, तेव्हा तिच्या आईने वाट दाखवली. "ज्याचं नुकसान झालंय त्याला आधी विचार," त्या म्हणाल्या.

## काय केलं

त्याच संध्याकाळी ती, तिची आई आणि मी आप्पांच्या घरी गेलो. तिने खिडकीतल्या बाटल्यांपासून सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. त्यांची बायको दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मग आप्पा म्हणाले, "तू ल्हान हायेस म्हणून ऐकतोय. पण माझं नाव गेलं ते भर गावात. तू हितं घरात येऊन बोललीस म्हणून ते परत येणार हाय का? जिथं बोललीस, तिथं बोल."

तिला वाटलं होतं की खरं बोलल्यावर आप्पा "असू दे गं" म्हणतील. बाहेर आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. कबुली देणाऱ्याला क्षमा मिळेलच असं नसतं. ती द्यायची की नाही हे समोरच्याच्या हातात, आणि ती मिळावी म्हणून केलेली कबुली हा एक सौदाच होतो.

आप्पांच्या बोलण्यानंतर ठरवणं सोपं झालं. पैशाचं नुकसान लगेच थांबवायचं होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी तिने आणि मी सही करून पंचायतीला पत्र दिलं, आणि ज्या फोनवरून तक्ता गेला होता त्याच फोनवरून ग्रुपवर तो मागे घेतल्याचं लिहिलं. नाव जिथं गेलं तिथंच परत करायचं होतं, म्हणून २ ऑक्टोबरला ग्रामसभेत बोलायचं ठरलं.

बोलायचं काय, याचे तिने तीन मसुदे केले. ते सविस्तर सांगतो, कारण चूक कबूल करायला निघालेली माणसं शब्दांतच पुन्हा पळवाट काढतात.

पहिला मसुदा असा होता: "आमच्या प्रकल्पात काही तांत्रिक त्रुटी राहिल्या. त्यामुळे गैरसमज निर्माण झाला. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत." वाचायला सभ्य. पण यात कुणी काय केलं ते कुठंच नाही. त्रुटी आपोआप राहिल्या, गैरसमज आपोआप झाला. आणि "असतील तर"? आप्पा भिंतीला टेकून उभे होते हे तिने स्वतः पाहिलं होतं.

दुसरा मसुदा दुसऱ्या टोकाचा: मी फार वाईट वागले, मला रात्री झोप येत नाही, मी पुन्हा कधी असा प्रकल्प करणार नाही. वाचून मलाच तिची कीव आली, आणि अडचण तीच होती. असं ऐकलं की सभा तिचीच समजूत काढायला लागली असती आणि आप्पा पुन्हा मागे भिंतीपाशीच राहिले असते.

तिसरा ती सभेत बोलली: "१५ ऑगस्टला मी इथं सांगितलं की पाण्यात क्लोरीन टाकला जात नाही. ते मी सांगायला नको होतं. आम्ही पाणी तीस तास खिडकीत ठेवून तपासलं, आणि तेवढ्या वेळात क्लोरीन निघून जातो. त्यामुळे जुलैत पाण्यात क्लोरीन होता की नव्हता, हे आमच्या तपासणीवरून कळत नाही. पावडर कुठं जाते असं मी विचारलं, त्याला कसलाच आधार नव्हता. ते वाक्य माझं एकटीचं होतं. त्यामुळे आप्पांचं नाव खराब झालं आणि मानधन थांबलं. आप्पा, मी तुमची माफी मागते." त्यानंतर सही माझी होती आणि ती न तपासता केली होती, हे मी सांगितलं.

"ते वाक्य माझं एकटीचं होतं," हे तिने मुद्दाम घातलं. गटातला एक मुलगा तिच्याशेजारी उभा राहिला. ज्याच्या वडिलांचं आप्पांच्या भावकीशी वाकडं होतं, तो आला नाही. त्याला घरून बंदी होती. तिघांची चूक "आम्ही" म्हणून सांगितली असती तर न आलेल्या मुलावर बोट गेलं असतं, आणि तिचा वाटा तीनात वाटून हलका झाला असता. तिने दोन्ही टाळलं.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. सप्टेंबरात आम्ही तीच १२ घरं पुन्हा तपासली, या वेळी नळाशी उभं राहून. नऊ घरांत पाणी पिवळं झालं. गावाच्या शेवटच्या टोकाच्या तीन घरांत मात्र फिकट किंवा अगदीच पांढरं. म्हणजे गावाच्या पाण्यात काहीतरी खोट खरंच होती! मोह कसा होतो पाहा. २ ऑक्टोबरलाच हेही सांगितलं असतं तर "बघा, आम्ही काही सगळंच चुकीचं बोलत नव्हतो" असा सूर लागला असता आणि माफी त्याखाली दबली असती. पण तीन घरांतली माणसं तसलं पाणी पीत असताना ही माहिती लपवणंही बरोबर नव्हतं. म्हणून तीन घरांचा निकाल आम्ही सप्टेंबरातच आप्पांना आणि ग्रामसेवकांना तारीख-वेळ घालून लेखी दिला, त्या घरांना पाणी उकळून प्यायला सांगितलं, आणि माफीच्या भाषणात त्याचा उल्लेख केला नाही.

## पुढे काय झालं

आप्पांचं अडकलेलं मानधन सप्टेंबरात मिळालं. २ ऑक्टोबरच्या सभेला साठेक माणसं होती. १५ ऑगस्टला दीडशे होती. म्हणजे आरोप ऐकलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी माफी कानाने ऐकलीच नाही. त्यातल्या काहींचं मत आजही बदललेलं नाही. "पोरीवर दबाव आणला," असं गटातल्या त्या मुलाचे वडील बरेच दिवस सांगत होते. शब्द जितक्या दूर गेला तितक्या दूरवरून तो परत आणता येत नाही, हे तिला चौदाव्या वर्षी कळलं.

प्रकल्प तालुक्याच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला होता. मुलांनी विषय बदलून "आमची तपासणी का फसली" असा केला. एकाच नळाचं पाणी: लगेच तपासलेलं, सावलीत ठेवलेलं आणि उन्हात ठेवलेलं, दर दोन तासांनी. नंबर आला नाही.

शेवटच्या तीन घरांचं कारण पुढे निघालं ते आप्पांमुळेच. पावडर पहाटे साडेपाचला टाकली जायची आणि सहाला पाणी सुटायचं. पहाटे मोटार उशिरा बंद झाली की मधला अर्धा तास पुरा मिळत नसे. शिवाय त्या टोकाची पाइपलाइन जुनी, आत गाळ धरलेली. वाटेत क्लोरीन तिथंच खर्ची पडायचा. आप्पांनी टाकी रात्रीच भरून ठेवायला आणि पावडर पहाटे पाचच्या आत टाकायला सुरुवात केली. दोन घरांत फरक पडला. तिसऱ्या घरात अजून फिकटच येतं, तिथली पाइप बदलावी लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत आप्पांनी तिला निरोप पाठवला, पहाटे टाकीवर ये म्हणून. ती आईला घेऊन गेली. त्यांनी तिला बादलीत पावडर कालवून दाखवली, गाळ बसेपर्यंत थांबवलं आणि नितळ पाणी ओतायला लावलं. मग काचनळी तिच्या हातात दिली. "आता हितंच बघ," म्हणाले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, तिनेही विचारलं नाही.

## आज काय वेगळं केलं असतं

सभेत जाण्याआधी आप्पांना तक्ता दाखवला असता. ज्याच्याबद्दल बोलणार त्याला आधी विचारायचं, एवढं जरी केलं असतं तरी "पाणी कवा भरलं हुतं?" हा प्रश्न आप्पांनी पहिल्या मिनिटाला विचारला असता. ते रोज ही तपासणी करणारे. आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही की या कामातलं आप्पांना आमच्याहून जास्त कळतं. ती या प्रकरणातली सगळ्यात जुनी चूक आहे, आणि ती मुलांपेक्षा माझी जास्त आहे.

निष्कर्षाचं वाक्य वेगळं लिहिलं असतं: "१२ नमुन्यांत, भरल्यापासून तीस तासांनी, क्लोरीन आढळला नाही." वाक्यात "तीस तासांनी" हे शब्द लिहावे लागले असते तर कदाचित लिहिता लिहिताच हात थांबला असता.

व्हॉट्सॲपचा खुलासा एकदाच न टाकता, जुना तक्ता ग्रुपवर कुणी पुन्हा पुढे पाठवला की त्याखाली दर वेळी टाकला असता. नोव्हेंबरात तो तक्ता पुन्हा फिरला आणि आम्हाला ते आठवड्याने कळलं.

आणि एक गोष्ट पूर्ण राहून गेली होती. जानेवारीत मधल्या सुट्टीत आप्पांची मुलगी तिला म्हणाली, "ताई, तू गावात बोललीस. आमच्या वर्गात कुणीच बोललं नाही. पोरं मला अजून पावडरच म्हणतात." आम्ही पंचायतीचा विचार केला, गावाचा केला, आप्पांचा केला. सातवीतल्या मुलीला रोज जे ऐकावं लागत होतं ते आमच्या हिशेबातच नव्हतं. मी तर रोज त्याच व्हरांड्यातून जात होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला आम्ही दोघं सातवीच्या वर्गात गेलो. आधी मी बोललो, मग ती, तेच तिसऱ्या मसुद्यातलं, सोप्या शब्दांत. वर्ग शांत होता. आप्पांची मुलगी तिसऱ्या बाकावर होती. फळ्यावर आधीच्या दिवसाचा मराठीचा धडा तसाच राहिला होता, आणि आम्ही बोलत होतो तोवर ती तो वहीत उतरवून घेत होती. तिने मान वर केली नाही.